चित्रं वेगळी काढणार असाल, तर फुग्यांची जागा आधी राखा

प्रश्न: नातू लोणच्याची बरणी फोडतो आणि आजी स्वयंपाकघरात येते, एवढीच सहा पॅनलची कॉमिक गोष्ट आहे. चित्रं एआय इमेज जनरेटरमधून एकेक करून काढली, सगळी चौकोनी. पानावर लावली तर संवादाच्या फुग्यांना जागा नाही, आजी आधी बोलली की नातू ते कळत नाही, आणि वाचताना सगळं भराभर संपतं. ए५ आकाराच्या पुस्तिकेत छापायचं आहे. मांडणी कशी करू?

उत्तर:

तुमच्या तिन्ही अडचणींचं मूळ एकच आहे. चित्रं आधी झाली आणि शब्द नंतर आले. हाताने कॉमिक काढणारा चित्रकार पेन्सिलीचा पहिला फराटा मारतानाच डोक्यात फुगा धरून असतो. इथे आजी बोलणार आहे हे त्याला ठाऊक असतं, म्हणून तिचं डोकं तो आपसूक खाली घेतो. जनरेटरला हे ठाऊक नसतं. तो पात्र मधोमध ठेवतो, डोकं वरच्या कडेला भिडवतो आणि उरलेल्या भिंतीवर डबे, कढया, कॅलेंडर भरून टाकतो. असं चित्र एकटं छान दिसतं, पण त्याच्यात कोणाला बोलायला जागा नसते.

म्हणून काम उलटं करा. आधी कोरं पान आखा, मग त्यावर खऱ्या आकारात संवाद टाइप करा, फुगे काढा, आणि शेवटी उरलेल्या जागेत काय दिसायला हवं ते ठरवून चित्रं काढा. हातात असलेली चित्रं फेकू नका, दोन-तीन तरी कापून वापरता येतील.

सुरुवात अक्षरापासून करू, कारण सगळी मापं तिथून निघतात. ए५ पान १४८ × २१० मिमी असतं. त्यावर देवनागरी १० पॉइंटच्या खाली नेऊ नका. इंग्रजी कॉमिकमध्ये सहसा सगळी कॅपिटल अक्षरं असतात, त्यांना वर-खाली काही लोंबत नाही, म्हणून ओळी एकमेकींना चिकटवून बसवता येतात. आपल्याकडे शिरोरेघेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार. ओळीतलं अंतर अक्षराच्या १.४ पट तरी लागतं, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसतो. १० पॉइंटला १४ पॉइंटची ओळ, म्हणजे जवळपास ५ मिमी. तीन ओळींचा संवाद १५ मिमी, वर आणि खाली अडीच-अडीच मिमी मोकळी जागा धरली की फुगा २० मिमी उंच झाला. पॅनल ५२ मिमी उंच असेल तर वरचा एक तृतीयांशाहून जास्त भाग फुग्याचा आहे. हा आकडा हातात आला की चित्राकडून काय मागायचं ते स्पष्ट होतं: वरच्या ३८ टक्क्यांत काहीही महत्त्वाचं नको.

फॉन्ट निवडताना Kalam किंवा Baloo 2 यांच्यापासून सुरुवात करा. दोन्ही मोफत आहेत आणि छापायला परवानगी आहे. Kalam हाताने लिहिल्यासारखा दिसतो, Baloo गुबगुबीत आहे. निवडण्याआधी ‘लाल शाल’ एवढंच मोठ्या आकारात टाइप करून बघा. बऱ्याच फॉन्टमध्ये ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे येतात. आजीच्या तोंडी मराठी आणि अक्षराचं वळण परकं, हे वाचकाला सांगता येत नाही पण खटकतं. दुसरी तपासणी जोडाक्षरांची. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांत टाइपच्या प्रेफरन्समध्ये World-Ready Layout निवडलेलं नसेल तर पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते आणि जोडाक्षरं पाय मोडल्यासारखी सुटी पडतात. इन्कस्केप आणि क्रिटा या मोफत चित्रकलेच्या प्रोग्रॅममध्ये सहसा हा त्रास होत नाही. मी फुगे आणि अक्षरं इन्कस्केपमध्येच करतो: एक लंबगोल, एक त्रिकोणी शेपूट, दोन्ही निवडून Path > Union. आत पांढरा रंग, कडेला साधारण एक पॉइंटची रेघ. अक्षरं चित्रापासून वेगळ्या थरात राहिली पाहिजेत, कारण ती शेवटच्या दिवसापर्यंत बदलत राहतात.

आता पान आखू. चारी बाजूंनी १० मिमी समास सोडा, म्हणजे आत १२८ × १९० मिमी उरतात. तुमची सहा चित्रं सारख्या आकाराच्या चौकोनांत, दोन-दोनच्या तीन ओळींत बसवली असणार. गोष्ट पळते ती त्याचमुळे. सारखा चौकोन म्हणजे सारखा वेळ. बरणी निसटण्याचा क्षण आणि त्यानंतरची भयाण शांतता, दोन्हींना वाचक तेवढाच वेळ देतो. मी या गोष्टीला चार ओळी देईन, मध्ये ४ मिमीच्या फटी, आणि ओळींच्या उंच्या वरून खाली ५२, ३८, ४० आणि ४८ मिमी.

पहिल्या ओळीत पहिलं पॅनल ८० मिमी रुंद आणि दुसरं ४४. पहिल्यात स्वयंपाकघर, स्टुलावर चढलेला नातू, वर फळीवर बरणी, उजवीकडे दार, आणि दाराबाहेरून आजीचा आवाज. दुसऱ्यात फक्त नातवाचा हात बरणीच्या झाकणावर. दुसऱ्या ओळीत तिसरं पॅनल ४० मिमी, बरणी हवेत, आणि चौथं ८४ मिमी, जमिनीवर काचा आणि तेलाचा ओघळ. तिसरी ओळ पूर्ण १२८ मिमी, तिथे एकच पॅनल आणि एकही शब्द नाही. चौथी ओळही पूर्ण रुंदीची, दारात आजी.

कोण आधी बोललं हा तुमचा घोळ पहिल्या पॅनलमध्येच झाला असणार. नातू डावीकडे, दार उजवीकडे, आणि दोघांचेही फुगे एकाच उंचीवर. वाचकाचा डोळा डावीकडून येतो, म्हणून आधी नातवाचं उत्तर वाचलं जातं आणि मग आजीची ताकीद. यावर दोन उपाय आहेत. एक म्हणजे आजीचा फुगा स्पष्टपणे वर आणि नातवाचा स्पष्टपणे खाली. ‘स्पष्टपणे’ यासाठी की वरच्या फुग्याची खालची कड खालच्या फुग्याच्या वरच्या कडेपेक्षा निदान एका ओळीने उंच असावी. अर्धवट वर-खाली ठेवलं की वाचक अडखळतो. दुसरा उपाय, जो मी इथे घेतला, तो म्हणजे दोन संवाद दोन पॅनलमध्ये टाकणं. पहिल्यात आजी म्हणते, “सोन्या, बरणीला हात लावू नकोस हं!” दुसऱ्यात नातू म्हणतो, “नाही गं, आजी!” आणि चित्रात त्याचा हात झाकणावर आहे. शब्द एक सांगतात आणि चित्र दुसरं दाखवतं. एकाच पॅनलमध्ये दाटीवाटीने हे बसवलं असतं तर ही गंमत दिसलीच नसती.

आजी चौकटीबाहेर आहे, तेव्हा तिच्या फुग्याची शेपूट उजव्या कडेपर्यंत नेऊन तिथेच तोडा. चौकटीत असलेल्या पात्राची शेपूट मात्र तोंडाला टेकवू नका. फुगा आणि तोंड यांच्यातलं निम्म्याहून थोडं जास्त अंतर गेली की थांबवा, पण रोख तोंडाकडेच असू द्या. डोक्याकडे किंवा खांद्याकडे रोख गेला की विचित्र दिसतं.

फुग्यातल्या ओळी मध्ये रुंद आणि वर-खाली अरुंद असाव्यात असं शिकवतात, आणि ते बरोबर आहे, लंबगोलात तशाच नीट बसतात. पण मराठीत मी अर्थाला आधी मान देतो. ‘सोन्या, बरणीला / हात लावू नकोस / हं!’ हे आकाराला चांगलं, पण ‘बरणीला हात’ तुटतो आणि ‘हं’ एकटा पडतो. ‘सोन्या, / बरणीला हात / लावू नकोस हं!’ हे आजी म्हणेल तसं आहे. फुगा खाली थोडा पसरट होईल, होऊ द्या. शब्द मध्येच तोडून पुढच्या ओळीत नेणं मात्र कधीच नको. मराठी शब्द प्रत्यय लागून लांब होतात. ‘स्वयंपाकघरातल्यासारखं’ हा एकच शब्द ४४ मिमीचं जवळजवळ अख्खं पॅनल खातो. अशा वेळी शब्द बदला, अक्षर लहान करू नका.

पाचव्या पॅनलवर मला थोडं थांबायचं आहे, कारण तुमची गोष्ट तिथे आहे. बरणी फुटली, आता आजी येणार, आणि ती काय म्हणेल ते माहीत नाही. हा वेळ वाचकाकडून कसा घ्यायचा? नुसतं शब्द काढून टाकल्याने वेळ मिळत नाही. जिथे वाचायला काही नसतं तिथून डोळा उलट लवकर पुढे सरकतो. डोळ्याला चालायला अंतर द्यावं लागतं आणि वाटेत काहीतरी सापडावं लागतं. म्हणून पॅनल पूर्ण रुंदीचं आणि बुटकं. अगदी डाव्या टोकाला स्टुलावर उकिडवा बसलेला नातू, अनवाणी. मध्ये रिकामी फरशी, काचा, पसरत जाणारं लाल तेल. उजव्या टोकाला काळोखं रिकामं दार आणि उंबऱ्यापाशी घरंगळत गेलेलं बरणीचं झाकण. डोळा नातवापासून दारापर्यंत चालत जातो, झाकणाशी अडखळतो. एवढा वेळ पुरे. इथे ‘टिंग’ असा आवाज घालायचा मोह होईल, पण तो टाळा. चौथ्या पॅनलमध्ये ‘खळ्ळ्’ मोठ्याने वाजलं आहे, ते अजून कानात आहे.

तो ‘खळ्ळ्’ फॉन्टमध्ये टाइप करू नका. कागदावर जाड ब्रशपेनने लिहा, फोटो काढा आणि इन्कस्केपमध्ये Trace Bitmap करून रेषेत आणा. तो चौकटीची कड ओलांडून थोडा खालच्या पांढऱ्या फटीत सांडला तरी चालेल. त्यामुळे आवाज चित्राच्या बाहेर आल्यासारखा वाटतो. जनरेटरकडून मात्र कोणतंही अक्षर काढून घेऊ नका. देवनागरीत तो अनेकदा अक्षरासारखी दिसणारी रेघोट्यांची जाळी काढतो. बरणीवर, डब्यांवर, कॅलेंडरवर अशा खोट्या अक्षरांची चिन्हं उमटली आहेत का ते मोठं करून पाहा आणि पुसून टाका.

आता चित्रं. छपाईसाठी ३०० डीपीआय, म्हणजे इंचाला ३०० पिक्सेल, धरलं तर १२८ मिमी म्हणजे सुमारे १,५१२ पिक्सेल. पाचवं पॅनल १२८ × ४०, म्हणजे उंचीच्या ३.२ पट रुंद. एवढं लांबट चित्र थेट मागितलं तर पात्रं दोनदा येऊ शकतात किंवा ताणली जाऊ शकतात. म्हणून १३४४ × ७६८ सारखं नेहमीचं आडवं चित्र काढा आणि त्यातली मधली ४२० पिक्सेलची पट्टी कापा. वरचा आणि खालचा भाग जाणार आहे हे आधीच माहीत असल्यामुळे कॅमेरा लांब ठेवायला सांगा, म्हणजे नातू आणि दार त्या पट्टीत मावतील. पहिल्या पॅनलसाठी १२१६ × ८३२ चालेल, कारण त्याचं प्रमाण ८० × ५२ च्या जवळ आहे. तिथे सूचना देताना ‘वरच्या भागात साधी मोकळी भिंत’ असं लिहा. तरीही भिंत भरून आलीच तर चित्र न बदलता कॅनव्हास वरच्या बाजूने वाढवून घ्या. भिंत वाढवायला सोपी असते, चेहरा पुन्हा काढणं अवघड असतं.

यात एक चूक जवळजवळ प्रत्येकाची होते, आणि पानात काहीतरी बिघडलं आहे एवढंच जाणवतं, कारण सापडत नाही. ती म्हणजे रेषेची जाडी. तुमचं बरणीचं चौकोनी चित्र १०२४ पिक्सेलचं आहे. ते ४० मिमीच्या पॅनलमध्ये बसवायला तुम्ही ४७२ पिक्सेलवर आणता, म्हणजे निम्म्याहून लहान करता. पाचवं पॅनल १३४४ वरून १५१२ वर मोठं करता. परिणामी बरणीची रेघ पाचव्या पॅनलमधल्या रेघेच्या तुलनेत जवळपास अडीच पट बारीक होते. वाचकाला वाटतं दोन वेगळ्या माणसांनी चित्रं काढली. उपाय असा की छोट्या पॅनलसाठी चित्र लहान करू नका, त्यातला तुकडा कापा. तिसऱ्या पॅनलसाठी १०२४ च्या चित्रातला सुमारे ६०० पिक्सेलचा, बरणी आणि तिच्याभोवतीची थोडी हवा असलेला तुकडा घ्या. मग तो ४७२ वर आणताना फक्त पाऊणपट होईल. कापण्यापुरती जागा मिळावी म्हणून मूळ चित्रात बरणी छोटी काढून घ्यावी लागेल. सगळ्यांत लहान केलेल्या आणि सगळ्यांत मोठ्या केलेल्या चित्रांत दीडपटीपेक्षा जास्त फरक राहिला नाही, तर डोळ्याला खुपत नाही.

नातवाचा चेहरा दर चित्रात थोडा बदलत असेल. संदर्भचित्र देऊन, कपडे ठरवून तो फरक कमी करता येतो, पण मांडणीकडूनही मदत घ्या. वरच्या योजनेत चेहरा फक्त पहिल्या, पाचव्या आणि सहाव्या पॅनलमध्ये दिसतो. बाकी तिघांत हात, बरणी आणि फरशी. हे गोष्टीसाठीच केलं होतं, पण तीन चेहरे जुळवणं सहा जुळवण्यापेक्षा पुष्कळ सोपं जातं हा फायदाही आहे.

पाचवं आणि सहावं पॅनल मात्र वेगवेगळी काढू नका. रिकामं स्वयंपाकघर, फरशीवरच्या काचा आणि दार असं एकच पार्श्वचित्र काढा. नातू आणि आजी साध्या पांढऱ्या पार्श्वभूमीवर वेगळे काढा आणि कापून वरच्या थरात ठेवा. दोन्ही पॅनलमध्ये खोली तंतोतंत तीच राहिली, की वाचकाचा डोळा फक्त बदललेली गोष्ट पकडतो: दार रिकामं होतं, आता तिथे आजी आहे. दोन वेगळी चित्रं असती तर दार सरकलं असतं, फरशीचा रंग बदलला असता आणि आजीचं येणं त्या गोंधळात हरवलं असतं. कापलेली पात्रं तरंगल्यासारखी दिसू नयेत म्हणून पायाखाली आणि स्टुलाखाली सावलीची एक गडद पट्टी हाताने द्या.

एखाद्या चित्रात नातू उलट्या बाजूला बघत असेल तर चित्र आडवं उलटवायचा विचार येतो. दार सगळीकडे उजवीकडेच राहायला हवं, म्हणून कधीकधी उलटवावंच लागतं. पण उलटवल्यावर आजीचा पदर बघा. आपल्याकडे तो डाव्या खांद्यावर असतो, उलटवला की उजव्यावर जातो. माझ्या एका छापलेल्या कॉमिक-पट्टीत असंच झालं होतं. चेहरा, भांडी, सावल्या सगळं मी तपासलं होतं, पदर तेवढा राहिला. पहिल्याच वाचक बाईंनी त्यावर बोट ठेवलं, आणि मग मला त्या पानावर दुसरं काही दिसेना. पदराबरोबर नातवाच्या शर्टाची बटणपट्टी आणि मनगटावरचं घड्याळही बघून घ्या.

चित्रं बसवण्याआधी एक तपासणी करा. पॅनलमध्ये चित्रांऐवजी राखाडी रंग भरा, फुगे तसेच ठेवा, पान खऱ्या आकारात छापा आणि गोष्ट माहीत नसलेल्या माणसाला मोठ्याने वाचायला द्या. तो कुठे थांबतो, कुठे उलटा जातो ते बघा. राखाडी पानावर संवादांचा क्रम चुकत असेल तर चित्रं आल्यावर तो सुधारत नाही. मग चित्रं टाका आणि आता फुगे लपवा. आता नुसत्या चित्रांवरून ‘बरणी फुटली, आजी आली’ एवढं कळायला हवं.

हेच पान फोनवर टाकायचं झालं तर अख्खं पान टाकू नका. फोनची रुंदी पानाच्या निम्म्याहून कमी असते, १० पॉइंटचं अक्षर तिथे चार-साडेचार पॉइंटचं होतं. ओळी पूर्ण रुंदीच्या आखल्या आहेत, त्यामुळे प्रत्येक ओळ सुटी कापून एकाखाली एक लावता येईल, आणि अक्षर तेवढं मोठं करून घ्यायचं. १०८० पिक्सेल रुंदीच्या चित्रात अक्षर ४० पिक्सेलच्या खाली नको. चौथ्या आणि पाचव्या पॅनलच्या मधे तिथे जास्त मोकळी जागा सोडा, कारण फोनवर सरकवण्याचं अंतर म्हणजेच वेळ.

शेवटचं पॅनल. आजीचं बोलणं मी एका फुग्यात ठेवणार नाही. पहिला फुगा: “तिथेच थांब!” तो पॅनलच्या मध्यावर, काचांच्या वर, आजीपासून जरा दूर. डोळा डावीकडून येतो, स्टुलावर आक्रसलेला नातू बघतो, मग हे दोन शब्द वाचतो आणि त्याला वाटतं आता बोलणी बसणार. दुसरा फुगा पहिल्याला बारीक मानेने जोडलेला, थोडा खाली आणि उजवीकडे, आजीच्या तोंडाजवळ: “खाली उतरू नकोस, पायाला काच लागेल.” शेपूट फक्त या दुसऱ्या फुग्याला. तिच्या हातात केरसुणी असू द्या, आणि तिची नजर बरणीकडे नको, नातवाच्या पायांकडे असू द्या. जनरेटर तिला कॅमेऱ्याकडे बघायला लावेल. ती खाली बघेपर्यंत चित्र पुन्हा पुन्हा काढून घ्या.